बाणाचं टोक कोणाच्या तोंडाशी?

*मुलगी सातवीत आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर बाईंनी भातशेतीच्या अन्नजाळ्याचा फोटो पाठवलाय, तो सोबत जोडते. फोटो तिरका आलाय, दोन बाणांची टोकं दिसतच नाहीत आणि रेषा एकमेकींवरून गेल्यात. मी समजवायला बसले तर ती म्हणते, "बेडूक नाकतोड्याला खातो ना? मग बाण बेडकाकडून नाकतोड्याकडे का नाही?" मला नीट सांगता आलं नाही. चित्राखाली प्रश्न आहे: या शेतातले बेडूक नाहीसे झाले तर काय होईल? तिने उत्तर लिहिलंय, "साप मरतील." एवढं पुरेल का?*

*– एक आई, चिपळूण*

नमस्कार ताई,

मुलीचा घोळ विज्ञानातला कमी आणि मराठी वाक्यातला जास्त आहे. आपण म्हणतो, "बेडूक नाकतोड्याला खातो." वाक्यात खाणारा आधी येतो, म्हणून पेन्सिलही आपोआप बेडकापासून निघते आणि नाकतोड्यापाशी थांबते. बाण म्हणजे "खातो" हे क्रियापद, असं तिने मनात धरलंय. अन्नजाळ्यातला बाण मात्र खाण्याची क्रिया दाखवत नाही. अन्न, म्हणजेच त्यातली ऊर्जा, कुठून निघून कुठे पोचली ते तो दाखवतो. नाकतोड्याच्या अंगातली ऊर्जा बेडकात गेली, म्हणून टोक बेडकाकडे.

हे पाठ करून घेण्यापेक्षा वाक्यच बदला. प्रत्येक बाण वाचताना तिला "च्या पोटात जातो" असं म्हणायला लावा: "नाकतोडा बेडकाच्या पोटात जातो", "भात उंदराच्या पोटात जातं". आता शब्दांचा क्रम आणि बाणाची दिशा एकच झाली. बाण जिथून निघतो ते नाव वाचायचं, बाणावरून बोट फिरवायचं, टोकाशी जे तोंड आहे त्याचं नाव घ्यायचं. "खातो" हा शब्द या चित्रापुरता बाजूला ठेवलात तरी चालेल. तीनचार दिवसांत दिशा पक्की झाली की तो परत वापरू द्या.

दिशा उलटी पडली की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. चित्रातल्या हिरव्या गोष्टी, म्हणजे इथे भात आणि गवत, यांच्याकडे कुठल्याही प्राण्याकडून बाण येता कामा नये. त्यांच्यापासून बाण फक्त निघतात. मुलीच्या पद्धतीने बाण काढले तर सगळ्या शेताला खाणारं सर्वांत मोठं जनावर भाताचं रोप ठरेल. हे तिला एकदा काढूनच दाखवा, हसेल आणि लक्षात ठेवेल.

आता फोटोकडे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि बाणाच्या टोकासारखी बारीक गोष्ट सगळ्यांत आधी पुसट होते. बाईंना विनंती करा की तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, तसा तो मूळ आकारात येतो. पुस्तक तुमच्याच घरी असेल तर पान सपाट ठेवा, खिडकीजवळच्या उजेडात फ्लॅश बंद करून, फोन पानाच्या बरोबर डोक्यावर धरून नवा फोटो काढा. गुळगुळीत कागदावर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो. तुमच्या फोटोत उंदराच्या वर तोच पडलाय आणि एक टोक त्याखाली गेलंय.

तरीही फोटोवरच बोट ठेवून शिकवू नका. चित्र एकदा तिच्या हाताने कागदावर उतरवून घ्या. आखीव नको, नुसती नावं आणि रेषा. भात आणि गवत खाली, त्यांना खाणारे त्याच्या वर, असं मांडलं की निम्मे छेद आपोआप सुटतात. छापील चित्रात चित्रकाराला पान भरायचं असतं, म्हणून गवत उजव्या कोपऱ्यात आणि घुबड भाताच्या शेजारी बसलंय. प्राण्याची पानावरची जागा आणि चित्रातला आकार यांना काही अर्थ नाही, हेही तिला सांगा. बऱ्याच मुलांना वाटतं की चित्रात मोठा काढलेला प्राणी म्हणजे जास्त ताकदीचा.

रेषा छेदतात तिथे नियम असा की रेषा छेदावर वळत नाही, सरळ पुढे जाते. एकेक बाण पेन्सिलीने गिरवायचा आणि गिरवून झाला की त्याला आकडा द्यायचा. शेवटचा आकडा आणि मूळ चित्रातली बाणांची संख्या जुळली की एकही सुटलेला नाही. ज्या रेषेला टोकच नाही आणि जी "उत्पादक", "भक्षक" अशा शब्दापाशी जाऊन थांबते, ती नाव दाखवणारी रेषा आहे. तिला आकडा द्यायचा नाही. तुमच्या चित्रात अशा तीन आहेत आणि मुलीने त्यातली एक बाण म्हणून मोजलीय.

पुसट झालेल्या दोन टोकांचं काय? एका बाजूला वनस्पती असेल तर विचारच नको, टोक दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे प्राणी असतील तर कोण कोणाच्या पोटात जाऊ शकतं ते बघायचं. उंदीर आणि धामण यांच्यातली दिशा उघड आहे. धामण तर उंदीर खाण्यासाठीच शेतात हिंडते. नाकतोडा आणि चिमणी यांचंही तेच. पण जिथे खरंच ठरवता येत नाही तिथे अंदाजाने टोक काढू नका, प्रश्नचिन्ह घाला आणि बाईंना विचारा.

सूर्य आणि तुटक रेषा बाजूला ठेवल्या तर तुमच्या चित्रात अकरा बाण भरतात. वहीत ते असे लिहून घ्या:

1. भात → नाकतोडा
2. गवत → नाकतोडा
3. भात → उंदीर
4. भात → चिमणी
5. नाकतोडा → चिमणी
6. नाकतोडा → बेडूक
7. बेडूक → धामण
8. उंदीर → धामण
9. चिमणी → धामण
10. उंदीर → घुबड
11. धामण → सर्पगरुड

ही यादी हाताशी आली की चित्र पाठ करण्याची गरज उरत नाही. चित्रावरचा कुठलाही प्रश्न यादीतून सोडवता येतो.

पहिलं काम म्हणजे साखळ्या सोडवणं. अन्नजाळं म्हणजे एकमेकींत अडकलेल्या अन्नसाखळ्या. भातापासून किंवा गवतापासून सुरुवात करायची आणि ज्याच्यापासून पुढे बाण निघत नाही त्याच्यापाशी थांबायचं. या चित्रात असे शेवटचे दोनच आहेत, घुबड आणि सर्पगरुड. मुलीला सगळ्या साखळ्या शोधू द्या. भातापासून निघणाऱ्या पाच आणि गवतापासून निघणाऱ्या दोन, अशा एकूण सात यायला हव्यात. सर्वांत आखूड साखळी भात → उंदीर → घुबड ही. लांबातली एक अशी: भात → नाकतोडा → बेडूक → धामण → सर्पगरुड. सहाच आल्या तर नाकतोड्यापासून चिमणीकडे जाणारा पाचवा बाण तिने बहुधा एकदाच वापरलाय. तो भाताच्याही साखळीत येतो आणि गवताच्याही.

इथेच "प्राथमिक भक्षक, द्वितीयक भक्षक" हा घोळ सुटतो. मुलं प्राण्यापुढे एकच शिक्का मारतात: चिमणी म्हणजे प्राथमिक. पण चौथ्या बाणावर चिमणी भाताचे दाणे टिपते तेव्हा ती प्राथमिक भक्षक असते, आणि पाचव्या बाणावर नाकतोडा खाते तेव्हा द्वितीयक. चिमणी मोठी झाल्यावर मुख्यतः दाणे खाते, पण पिल्लांना मात्र किडे भरवते, म्हणून दोन्ही बाण खरे आहेत. तसंच धामणीचं. उंदीर गिळला तर ती द्वितीयक, बेडूक गिळला तर तृतीयक. पातळी प्राण्याच्या अंगाला चिकटलेली नसते, ती त्या त्या साखळीतली त्याची जागा असते. परीक्षेत "धामण कोणती भक्षक?" असं विचारलं तर साखळी लिहून तिच्याखाली उत्तर लिहायला सांगा, म्हणजे गुण कापायला जागा राहत नाही.

आता बेडकांचा प्रश्न. "साप मरतील" हे उत्तर पुरणार नाही, आणि या चित्रापुरतं ते बरोबरही नाही. यादी बघा. धामणीकडे तीन बाण येतात: सातवा, आठवा आणि नववा. बेडूक गेले तर सातवा पुसला जाईल, पण उंदीर आणि चिमण्या उरतीलच. धामणीचं अन्न कमी होईल, संपणार नाही. उलट उंदीर नाहीसे झाले तर घुबडाची पंचाईत होईल, कारण या चित्रात त्याच्याकडे एकच बाण येतो. एखाद्याला किती धोका आहे हे त्याच्याकडे येणाऱ्या बाणांच्या संख्येवरून ताडायचं.

असा प्रश्न सोडवायची पद्धत अशी. ज्याला काढायचं त्याच्या नावावर बोट ठेवा आणि त्याला लागलेले सगळे बाण शोधा. बेडकाला दोनच आहेत, येणारा सहावा आणि जाणारा सातवा. येणाऱ्या बाणाच्या मागे जो आहे, त्याला खाणारा एक कमी झाला, म्हणून तो वाढेल. इथे तो नाकतोडा. जाणाऱ्या बाणाच्या टोकाशी जो आहे, त्याचं एक अन्न गेलं, म्हणून तो कमी होईल किंवा दुसरं खाऊ लागेल. इथे ती धामण. मग दोघांपासून एकेक पायरी पुढे जायचं. नाकतोडे वाढले तर भात आणि गवत जास्त कुरतडलं जाईल. धामण उंदीर आणि चिमण्यांवर जास्त भागवेल.

इथे थांबायचं. तिसऱ्या पायरीपासून उत्तरं एकमेकांना छेद देऊ लागतात. नाकतोडे वाढल्यामुळे चिमण्यांना जास्त खाद्य मिळेल, म्हणून त्या वाढायला हव्यात. पण धामण आता चिमण्या जास्त खाते, म्हणून त्या कमी व्हायला हव्यात. यातलं कोणतं भारी पडेल हे या चित्रातून कळत नाही. बाण कोण कोणाला जोडलेलं आहे ते सांगतो; किती खाल्लं जातं, ते सांगत नाही. सगळे बाण एकाच जाडीचे काढलेत, याचा अर्थ सगळ्यांतून सारखंच अन्न जातं असा नाही. म्हणून उत्तरात "होईलच" ऐवजी "होण्याची शक्यता आहे" असं लिहू द्या. हा शब्द घाबरून लिहिलेला नाही, चित्रात जेवढी माहिती आहे तेवढाच दावा करणारा आहे.

तिच्या वहीत उत्तर साधारण असं जावं: "बेडूक नाहीसे झाले तर नाकतोड्यांना खाणारे कमी होतील, त्यामुळे नाकतोडे वाढण्याची शक्यता आहे. ते भात आणि गवत जास्त खातील व पिकाचे नुकसान होईल. धामणीचे एक अन्न कमी होईल, पण उंदीर आणि चिमण्या असल्यामुळे ती त्यांच्यावर अधिक अवलंबून राहील." तीन वाक्यं, आणि प्रत्येकाच्या मागे बोट ठेवून दाखवता येईल असा बाण.

हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवल्या जात आणि 1987 मध्ये त्या निर्यातीवर बंदी आली. शेतातले बेडूक घटले तर किडी वाढतील, ही चिंता त्यामागच्या कारणांत होती, म्हणजे तुमच्या चित्रातला सहावाच बाण. गोव्यात पावसाळ्यात "जंपिंग चिकन" या नावाने बेडूक खाल्ला जातो. कायद्याने बंदी असूनही तो चोरून पकडला जातो.

चौथ्या आणि पाचव्या बाणाची गोष्ट तर याहून मोठी आहे. चीनमध्ये 1958 साली चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांना मारायची देशभर मोहीम काढली होती. लोकांनी भांडी वाजवून चिमण्यांना बसूच दिलं नाही, त्या दमून खाली पडत. मोहीम आखणाऱ्यांनी "भात → चिमणी" एवढाच बाण बघितला होता. "नाकतोडा → चिमणी" हा बाण त्यांच्या चित्रात नव्हता. चिमण्या गेल्या, पिकावरच्या किडी वाढल्या, आणि 1960 मध्ये मारायच्या यादीतून चिमणीचं नाव काढून ढेकणाचं घालावं लागलं. मुलीला ही गोष्ट सांगताना दोन्ही बाणांवर तिचं बोट ठेवायला लावा. पुढचं ती स्वतःच सांगेल.

राहिला सूर्य आणि खालच्या तुटक रेषा. सूर्याकडून भात आणि गवताकडे जाणारे दोन बाण बाकीच्यांहून वेगळे आहेत. तिथे कोणी कोणाच्या पोटात जात नाही, प्रकाश पानांवर पडतो. म्हणून "च्या पोटात जातो" हे वाक्य तिथे वापरू नका आणि ते बाण पिवळ्या पेन्सिलीने काढा. "सूर्य हा उत्पादक" असं मुलं लिहून जातात. उत्पादक म्हणजे स्वतः अन्न तयार करणारी वनस्पती. सूर्य ऊर्जेचा स्रोत.

तुटक रेषा सगळ्यांपासून निघून "जिवाणू, बुरशी" या चौकोनाकडे गेल्यात. हे विघटक. वाळलेलं पान, मेलेला उंदीर, विष्ठा, हे सगळं त्यांचं अन्न, म्हणून बाणांची टोकं त्यांच्याकडे. इथपर्यंत आपलं वाक्य चालतं. पण तुमच्या चित्रात त्या चौकोनातून एक बाण मातीकडे आणि तिथून भाताकडेही गेलाय, आणि तिथे आपली हिरवी खूण चुकल्यासारखी वाटेल. तो बाण ऊर्जेचा नाही. विघटक मेलेल्या शरीरातली नत्र, स्फुरद यांसारखी द्रव्यं मातीत मोकळी करतात आणि मुळं ती पाण्याबरोबर शोषतात. द्रव्यं अशी फिरून परत येतात, ऊर्जा येत नाही. "विघटकांकडून वनस्पतींना ऊर्जा मिळते" हे वाक्य उत्तरपत्रिकांत सर्रास दिसतं आणि ते चूक आहे. हा बाण तपकिरी रंगाने काढा, म्हणजे एकाच पानावर प्रकाश, अन्न आणि मातीतली द्रव्यं यांचे तीन रंग वेगळे दिसतील.

ऊर्जा परत का येत नाही, असं तिने विचारलं तर बाणाच्या दोन्ही टोकांमधलं अंतर दाखवा. नाकतोड्याने खाल्लेल्या भातातलं सगळं काही त्याच्या अंगाला लागत नाही. काही न पचता बाहेर पडतं, आणि उड्या मारण्यात, श्वास घेण्यात, जिवंत राहण्यात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. बेडकाला मिळतं ते उरलेलं. ढोबळ हिशेबाने एका पातळीतली साधारण 10 टक्के ऊर्जा पुढच्या पातळीत पोचते. रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये ऊर्जेच्या या प्रवाहाची मांडणी केली. भातात 1000 एकक ऊर्जा धरली तर नाकतोड्यात 100, बेडकात 10, धामणीत 1 आणि सर्पगरुडापर्यंत एकाचा दहावा भाग. म्हणूनच शेतात नाकतोडे मोजता येत नाहीत इतके असतात आणि सर्पगरुड अख्ख्या पंचक्रोशीत एखादा दिसतो. सातवीला आकडे विचारतीलच असं नाही, पण एवढा हिशेब तिला सहज जमेल.

तिला समजलं की नाही हे बघायचं असेल तर चित्रात नसलेला प्राणी द्या. तुमच्याकडे खेकडा सोपा. भाताच्या खाचरात तो कोवळी रोपं तोडतो, कुजलेला पालाही खातो, आणि पावसाळ्यात रात्री बत्ती घेऊन लोक त्याला पकडायला जातात. तिला विचारा, खेकड्याकडे कुठून बाण येतील आणि त्याच्यापासून कुठे जातील? भाताकडून एक येईल. कुजलेल्या पाल्याचा येणारा बाण कुठून काढायचा यावर ती अडेल, अडू द्या. तो वाळलेल्या भाताकडून आणि गवताकडूनच येतो, फक्त जिवंत रोपाऐवजी मेलेल्या पानातून. आणि खेकड्यापासून जाणाऱ्या बाणाच्या टोकाशी कोणाचं नाव लिहायचं हे तिला चित्रात सापडणार नाही, कारण तिथे माणूसच काढलेला नाही. ते नाव तिने स्वतःहून लिहिलं आणि मग भाताकडूनही त्याच नावाकडे एक बाण ओढला, तर हा धडा आटोपला असं समजा.